रात्री लिहिलेला मेल सकाळी पाठवणं, आणि Undo चे ते काही सेकंद

प्रश्न: मी घरून जीएसटी रिटर्न भरून द्यायचं काम करते. मुलं झोपल्यावर, रात्री अकरानंतरच मेल लिहायला बसते. क्लायंटला साडेबाराला मेल जाणं बरं दिसत नाही. जीमेलमध्ये तो सकाळी आपोआप जाईल असं लावता येतं म्हणे, ते कसं? तेव्हा लॅपटॉप बंद असला तर? दुसरं म्हणजे, मेल पाठवल्यावर खाली Undo येतं, पण माझा हात तिथे पोचेपर्यंत गायब होतं. तो वेळ वाढवता येतो का? आणि एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅपचं काय?

उत्तर: आधी Undo चं बघू, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे आणि आजच करून टाकण्यासारखं आहे.

लॅपटॉपवर जीमेल उघडा. उजवीकडे वर चाकाचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करून See all settings घ्या. General या पहिल्याच पानावर थोडं खाली Undo Send अशी ओळ दिसेल आणि तिच्यापुढे Send cancellation period. तुमच्याकडे तिथे ५ सेकंद असणार, कारण जीमेल मुळात तेवढेच देतं. पर्याय ५, १०, २० आणि ३० असे आहेत. सरळ ३० करा. मग पान अगदी तळापर्यंत खाली न्या आणि Save Changes दाबा. बरेच जण आकडा बदलतात आणि हे बटण न दाबताच बाहेर पडतात, मग म्हणतात की काही फरक पडला नाही. ३० च्या पुढे जाता येत नाही. फोनवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये हे सेटिंग मिळत नाही, ते कॉम्प्युटरवरूनच करावं लागतं. फोनवरून पाठवलेल्या मेललाही Undo येतं, पण ती पट्टी पटकन जाते, तेव्हा महत्त्वाचा मेल फोनवरून पाठवताना ३० सेकंद हाताशी आहेत असं धरून चालू नका.

आता हे Undo नेमकं काय करतं ते सांगतो, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. Undo दाबल्यावर गेलेला मेल परत येत नाही. तो गेलेलाच नसतो. तुम्ही Send दाबलंत की जीमेल तो मेल स्वतःकडेच अडवून ठेवतं, आणि तुम्ही ठरवलेले सेकंद संपले की मगच बाहेर सोडतं. एका सर्व्हरने दुसऱ्याकडे मेल देण्याची जी पद्धत जगभर चालते तिला एसएमटीपी म्हणतात. ती १९८२ मध्ये ठरली आणि तिच्यात 'दिलेला मेल परत दे' अशी आज्ञाच नाही. समोरच्याच्या सर्व्हरने मेल घेतला की विषय संपला. म्हणून एकतिसाव्या सेकंदाला काहीही करता येत नाही. 'पाठवलेला ईमेल कसा परत घ्यावा' असल्या व्हिडिओंमध्ये शेवटी याच तीस सेकंदांची गोष्ट सांगितलेली असते.

या सेकंदांत कोणती चूक सापडते? बोट बटणावरून उचलता उचलता जी लक्षात येते तीच. चुकीच्या पाटलांचं नाव आपोआप भरलं गेलं, फाईल जोडायची राहिली, Reply ऐवजी Reply all दाबलं गेलं. रकमेतला एक शून्य किंवा दुसऱ्याच क्लायंटचं चलन जोडलं गेलं असेल, तर ते तीस सेकंदांत कळत नाही, कारण पाठवल्यावर आपण जोडलेली फाईल उघडून बघतच नाही. त्या चुका आधीच अडवाव्या लागतात. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी एकच सवय लावतो: To चा रकाना सगळ्यात शेवटी भरायचा. मजकूर लिहा, फाईल जोडा, जोडलेली फाईल तिथूनच एकदा उघडून नाव आणि महिना बघा, आणि मग पत्ता टाका. पत्ताच नसेल तर मेल चुकूनही जात नाही. आलेल्या मेलला उत्तर देताना पत्ता आधीच भरलेला असतो, तेव्हा तो काढून ठेवायचा आणि शेवटी पुन्हा टाकायचा. 'attached' लिहून फाईल जोडली नाही तर जीमेल टोकतं खरं, पण 'सोबत जोडले आहे' असं मराठीत लिहिणाऱ्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये.

Undo दाबल्यावर मेल जसाच्या तसा लिहायच्या खिडकीत परत उघडतो. तो आता साधा मसुदा झालेला असतो. दुरुस्ती करून पुन्हा Send दाबावं लागतं. तेवढ्यात कुणाचा फोन आला, खिडकी बंद झाली, की मेल Drafts मध्ये पडून राहतो आणि तुम्हाला मात्र 'पाठवला होता की' असंच आठवतं.

आता सकाळचं. मेल लिहून झाला की निळ्या Send बटणाला लागून उजवीकडे छोटा बाण दिसतो. त्यावर क्लिक करा, Schedule send घ्या. जीमेल दोन-तीन तयार वेळा सुचवतं, उद्या सकाळी आठ वगैरे. त्या सोडा आणि Pick date & time मध्ये आपली तारीख आणि वेळ टाका. फोनच्या अ‍ॅपमध्ये हेच वरच्या तीन टिंबांत आहे. मेल लागला की डावीकडच्या यादीत Scheduled नावाच्या कप्प्यात जाऊन बसतो. तो कप्पा दिसला नाही तर More खाली बघा, किंवा वरच्या शोधपट्टीत हे टाइप करा:

```
in:scheduled
```

लॅपटॉपची काळजी नको. वाट पाहणारा मेल तुमच्या मशीनवर नसतो, गूगलच्या सर्व्हरवर असतो. लॅपटॉप बंद असो, वीज गेलेली असो, तुम्ही गावाला गेलेल्या असा, तो वेळेला जातो. 'वेळेला' म्हणजे अगदी घड्याळाच्या ठोक्याला नव्हे, काही मिनिटं मागेपुढे होतात. म्हणून मुदतीच्या कामाचा मेल मुदतीच्या शेवटच्या मिनिटाला लावू नये. एका वेळी असे १०० मेल लावून ठेवता येतात, तुमच्या कामाला ते भरपूर आहेत. समोरच्याला तो मेल नेहमीसारखाच दिसतो, त्यावर सकाळचीच वेळ असते. तुम्ही तो रात्री साडेबाराला लिहिलात हे त्याला कळत नाही.

इथपर्यंत सोपं आहे. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. मेल लिहिण्याच्या आणि जाण्याच्या मध्ये जग बदलतं, आणि मेलला ते माहीत नसतं.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्याचं जीएसटीआर-३बी हे रिटर्न २० तारखेपर्यंत जायला हवं. १७ च्या रात्री तुम्ही यादी काढता. एका हार्डवेअरवाल्या क्लायंटची खरेदीची बिलं अजून आलेली नाहीत. त्याच्याच जुन्या मेलला Reply करून तुम्ही लिहिता, 'आपली बिलं अद्याप मिळालेली नाहीत, आज दुपारपर्यंत पाठवली नाहीत तर रिटर्न वेळेत भरणं अवघड होईल,' आणि १८ ला सकाळी ८ ची वेळ लावून झोपता. त्या रात्री दीड वाजता तो माणूस दुकानाचा हिशोब संपवून सगळी बिलं पाठवून देतो, त्याच मेलच्या साखळीत. सकाळी आठला तुमचा मेल जातो, त्याच्या मेलच्या बरोबर खाली. बिलं पाठवणाऱ्याला बिलं न पाठवल्याबद्दल टोचणारा. समोरच्याचं उत्तर आलं म्हणून जीमेल लावलेला मेल थांबवत नाही. ते फक्त घड्याळ बघतं.

यावर मी तीन गोष्टी करतो. पहिली, वेळ अशी लावतो की त्याआधी मी उठून इनबॉक्स बघितलेला असेल. मी साडेआठला बघत असेन तर मेल ९.२० चा. सकाळी आठची ती तयार वेळ मी वापरत नाही ती याचसाठी. दुसरी, चहा घेताना आधी इनबॉक्स आणि लगेच Scheduled, या क्रमाने उघडतो. रात्रीत ज्यांचं काही आलं त्यांच्यासाठी आपलं काही थांबलेलं आहे का, एवढंच बघायचं. तिसरी, वाट पाहणाऱ्या मेलची भाषा. 'आज', 'काल', 'अद्याप मिळालं नाही' हे शब्द रात्री खरे असतात आणि सकाळी खोटे ठरू शकतात. त्याऐवजी 'सप्टेंबरची खरेदीची बिलं १८ तारखेला दुपारी २ पर्यंत मिळाली तर रिटर्न १९ ला भरता येईल. पाठवली असतील तर हा मेल सोडून द्यावा' असं लिहिलं, की तो मेल कधीही गेला तरी कुणाला लागत नाही.

हार्डवेअरवाल्याचा मेल सकाळी थांबवायचा असेल तर Scheduled मध्ये जाऊन तो उघडा आणि Cancel send दाबा. तो तिथून निघून Drafts मध्ये जातो. नको असेल तर पुसून टाका. नुसती एक ओळ बदलायची असेल तरी हाच मार्ग आहे, लावलेला मेल जागच्या जागी दुरुस्त होत नाही. आणि इथेच लोक फसतात. दुरुस्ती केल्यावर जुनी वेळ आपोआप परत लागत नाही. Schedule send पुन्हा करावं लागतं. नाहीतर तो मेल कधीच जात नाही आणि तसा कुठला इशाराही मिळत नाही. दुरुस्ती झाल्यावर Scheduled मध्ये परत एक नजर टाका, तिथे तो नव्या वेळेसह दिसला तरच काम झालं.

जोडलेल्या फाईलचंही असंच. रात्री जोडलेली एक्सेल फाईल ही त्या क्षणाची प्रत असते. सकाळी सहाला तुम्ही लॅपटॉपवरच्या फाईलमध्ये आकडा सुधारलात, तरी ९.२० ला जुना आकडाच जाणार. फाईल गूगल ड्राइव्हवर ठेवून तिची लिंक दिली तर उलट होतं: उघडणाऱ्याला तेव्हाची ताजी फाईल दिसते. याचा एक फायदा वेळ टळून गेल्यावरही मिळतो. चुकीच्या माणसाला लिंक गेली आणि तीस सेकंद संपले, तरी ड्राइव्हवर जाऊन Share मधून त्याची परवानगी काढता येते. त्याने आधीच डाउनलोड केली असेल तर इलाज नाही, पण दहा मिनिटांत लक्षात आलं तर बऱ्याचदा वेळ गेलेली नसते. पॅन आणि बँक तपशील असलेली कागदपत्रं मी याच कारणासाठी जोडण्याऐवजी लिंकने पाठवतो, आणि लिंक 'ज्याच्याकडे असेल त्याला' अशी खुली न ठेवता त्या एका पत्त्यापुरतीच ठेवतो. खुल्या लिंकमध्ये एकाच माणसाला वगळता येत नाही.

क्लायंट परदेशात असेल तर अजून एक गोष्ट. वेळ तुमच्या घड्याळाप्रमाणे लागते, समोरच्याच्या नाही. न्यू जर्सीतल्या माणसाला त्याच्या सकाळी ९ ला मेल मिळावा म्हणून तुम्ही आपली संध्याकाळी ६.३० ही वेळ धरता, आणि उन्हाळ्यात ती बरोबर असते. पण तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, आपल्याकडे तसं काही नाही. ऑक्टोबरच्या शेवटी तुम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यासाठी ६.३० लावलात तर तो तिकडे सकाळी आठला पोचेल. नऊ हवे असतील तर ७.३० लावायला हवे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं परत पुढे जातात. दुबईत हा प्रकार नाही, तिथे बाराही महिने दीड तासाचाच फरक.

आता या दोन गोष्टी एकत्र करा. Undo म्हणजेही मेल थोडा वेळ अडवून ठेवणं आणि Schedule send म्हणजेही तेच. फरक फक्त वेळेचा. तेव्हा ज्या मेलसाठी तीस सेकंद कमी वाटतात तो मेल Send करूच नका, वीस मिनिटं पुढची वेळ लावा. फी थकवणाऱ्याला लिहिलेला मेल, विभागाच्या नोटिशीवरचं उत्तर, पंधरा जणांना एकदम जाणारं परिपत्रक. हे लावून ठेवायचे, उठायचं, पाणी प्यायचं, आणि Scheduled मध्ये जाऊन एकदा परक्याच्या नजरेनं वाचायचे. मजकूर लिहायच्या खिडकीतून बाहेर, आलेल्या मेलसारखा दिसतो, आणि मघाशी न दिसलेली चूक तिथे डोळ्यांत भरते. रागाने लिहिलेला मेल तर मी दुसऱ्या दिवशी सकाळचाच लावतो. त्यातले बरेचसे सकाळी Cancel send होतात.

तुमचे काही क्लायंट आउटलुक वापरत असतील आणि 'आमच्याकडे पाठवलेला मेल परत घेता येतो' असं सांगत असतील, तर ते अर्धं खरं आहे. आउटलुकचं Recall एकाच संस्थेच्या आतल्या मेलपुरतं चालतं, जिथे दोन्ही मेलपेट्या त्याच कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सर्व्हरवर असतात. बाहेरच्या, म्हणजे तुमच्या जीमेलवर आलेला मेल ते परत घेऊ शकत नाहीत. उलट कधीकधी तुम्हाला 'अमुक यांना हा मेल परत घ्यायचा आहे' असा दुसरा मेल येतो, आणि पहिला तुम्ही न वाचता सोडणार असाल तरी आता नक्की वाचता. वेबवरच्या आउटलुकमधलं Undo जास्तीत जास्त १० सेकंदांचं आहे. कॉम्प्युटरवरच्या जुन्या आउटलुकमध्ये Delay Delivery असतं, पण खातं कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सर्व्हरवरचं नसून साधं पॉप किंवा आयमॅप प्रकारचं असेल तर तो मेल त्या मशीनवरच्या Outbox मध्ये थांबतो. त्या वेळी आउटलुक उघडं नसेल तर तो जात नाही. तुमची लॅपटॉप बंद असण्याची भीती तिथे मात्र खरी ठरते.

एसएमएससाठी अँड्रॉइडवर गूगलचं Messages अ‍ॅप असेल तर मजकूर लिहून पाठवायचा बाण दाबून धरा, वेळ निवडायचा पर्याय येतो. हा संदेश फोनवरच थांबलेला असतो, म्हणून त्या वेळी फोन चालू आणि रेंजमध्ये हवा. रात्री फोन बंद करून ठेवायची सवय असेल तर तेवढं लक्षात ठेवा. गेलेला एसएमएस परत घेता येत नाही, आणि त्याला Undo चे सेकंदही नाहीत. टेलिग्रामवर बाण दाबून धरला की Schedule Message मिळतं आणि ते सर्व्हरवरून जातं, फोन बंद असला तरी. आयफोनच्या आयमेसेजमध्ये आयओएस १८ पासून Send Later आहे, पुढच्या १४ दिवसांपर्यंतचं.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट उलटी आहे. तिथे गेलेलं पुसता येतं, कारण दोन्ही टोकांना एकाच कंपनीचं अ‍ॅप आहे आणि ते सांगितलेलं ऐकतं. Delete for everyone साधारण अडीच दिवसांपर्यंत चालतं, आणि शब्द दुरुस्त करायचा असेल तर पहिल्या १५ मिनिटांत Edit. पण पुसल्याची खूण मागे राहते आणि तोवर समोरच्याने वाचलेलं असू शकतं. व्हॉट्सअ‍ॅप संदेश वेळ लावून पाठवणारी जी बाहेरची अ‍ॅप्स मिळतात ती मात्र घेऊ नका. ती फोनच्या Accessibility ची परवानगी मागतात, म्हणजे तुमच्या पडद्यावरचं सगळं वाचायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची मुभा. ज्या फोनवर क्लायंटचे ओटीपी येतात त्यावर हे चालणार नाही. शिवाय त्यातली बरीचशी फोनला लॉक असेल तर संदेश पाठवूच शकत नाहीत. क्लायंटला सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवरच कळवायचं असेल तर मजकूर रात्री त्याच्या चॅटमध्ये लिहून न पाठवता तसाच सोडा. यादीत त्या नावाखाली Draft असं दिसत राहतं, सकाळी उघडून नुसता बाण दाबायचा.